स्क्रीनशॉटमधली शिष्यवृत्ती आणि आपला दाखला

(वाराणसीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर भोसले घाटावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण बसलोय तो घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. तुमच्यातले बरेच जण त्याच नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडून इथे शिकायला आले आहेत. घरातले पहिले पदवीधर, किंवा होऊ घातलेले. अशा माणसावर गावाकडून एक काम आपोआप येऊन पडतं. चुलत बहीण, शेजारचा पोरगा, वस्तीतलं कुणीतरी मोबाइलवर एक स्क्रीनशॉट पाठवतं आणि विचारतं, "दादा, हे आपल्याला मिळतं का?" आज मी या एका प्रश्नावरच बोलणार आहे. या प्रश्नाचं उत्तर घाईत "नाही" असं दिलं, तर समोरचं पोर पुन्हा विचारत नाही.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, भंडारा जिल्ह्यातली एक मुलगी आहे. नुकतीच कला शाखेतून बारावी झाली, 600 पैकी 426 गुण, म्हणजे 71 टक्के. बनारस हिंदू विद्यापीठात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला, वसतिगृहात राहते. वडील शेतमजूर, आई अंगणवाडी मदतनीस. तिच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला. त्यात एवढंच दिसतं : बारावीत '80 पर्सेंटाइल', उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत, वर्षाला 12,000 रुपये, आणि एक शेवटची तारीख. वरचा मथळा कापला गेलाय, खालच्या अटी कापल्या गेल्यात. मुलगी म्हणते, "मला 71 आहेत, 80 लागतात. सोडून द्या."

सोडायचं नाही. पण लगेच अर्जही भरायचा नाही. आधी ही शिष्यवृत्ती कुणाची, ते शोधायचं.

वाराणसीत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. इथल्या ग्रुपवर आणि कॉलेजच्या फलकावर येणाऱ्या बऱ्याच सूचना उत्तर प्रदेश सरकारच्या शिष्यवृत्तीच्या असतात. त्यात 'मूल निवास' असा शब्द दिसला की थांबा. ती त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. तुम्ही इथे खोली घेऊन राहता, इथलं ओळखपत्र वापरता, म्हणून तुम्ही तिथले रहिवासी होत नाही. तुमचा रहिवासी दाखला महाराष्ट्राचा, जातीचा दाखलाही महाराष्ट्राचाच. अनुसूचित जातीसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसुद्धा विद्यार्थी मूळ ज्या राज्याचा, ते राज्य देतं. शिक्षण कुठेही चालू असो.

आपल्या मुलीच्या स्क्रीनशॉटमधले आकडे मात्र केंद्र सरकारच्या योजनेचे आहेत. महाविद्यालय आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठीची ही केंद्रीय शिष्यवृत्ती आता पीएम-उस्प या नावाने ओळखली जाते. हिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे scholarships.gov.in वर भरतात. तिथे जाऊन योजनेच्या नावासमोर या वर्षीची सूचना उघडायची आणि कापलेला भाग वाचून काढायचा. एक खूण सांगतो. याच योजनेत पूर्वी उत्पन्नाची मर्यादा 8 लाख होती आणि रक्कम 10,000 होती. तुमच्याकडे आलेल्या चित्रात हे आकडे असतील, तर ते चित्र जुनं आहे, कितीही वेळा फॉरवर्ड झालेलं असो. तारखेखाली वर्ष नसेल तरीही असंच समजायचं.

मूळ सूचनेत स्क्रीनशॉटमध्ये नसलेली एक अट सापडते : नवा अर्ज बारावीनंतर पदवीच्या पहिल्या वर्षीच करायचा, आणि अभ्यासक्रम नियमित हवा. दूरशिक्षणाचा किंवा डिप्लोमाचा चालत नाही. त्यामुळे इथल्या एम.ए.वाल्यांनी नव्याने अर्ज करायला जाऊ नये. ज्यांना पदवीपासून ही मिळते आहे, त्यांनाच ती पदव्युत्तरला 20,000 रुपये होऊन पुढे चालू राहते. आपली मुलगी पहिल्या वर्षाला आहे, नियमित आहे. इथपर्यंत ठीक.

आता गुणांकडे येऊ. 80 पर्सेंटाइल म्हणजे 80 टक्के नव्हे. पर्सेंटाइल ही रांगेतली जागा आहे. समजा, एका शाखेत दहाच मुलं परीक्षेला बसली आणि गुण असे पडले : 78, 71, 66, 64, 60, 58, 55, 52, 48, 41. इथे 71 वाली दुसरी आहे. तिच्या मागे दहापैकी आठ जण आहेत, म्हणजे तिने 80 पर्सेंटाइल गाठलं. आता दुसऱ्या शाखेत वरचे पाच गुण 95, 92, 90, 88, 85 असतील, तर तिथे 85 वाला पाचवा आहे. त्याच्या मागे पाचच जण. टक्के जास्त असूनही तो बाहेर. ही रांग आपापल्या मंडळात आणि आपापल्या शाखेत लागते. विज्ञानवाल्या भावाची रेषा कलावाल्या बहिणीला लावायची नाही.

मग आपल्या मुलीचं काय? 71 टक्के रेषेच्या वर आहेत की खाली, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती रेषा तिच्या वर्षीची, महाराष्ट्र राज्य मंडळाची, कला शाखेची हवी. ती मंडळाकडूनच घ्यायची. म्हणून आपल्या कागदावर गुणांसमोर "अपात्र" लिहायचं नाही, "मंडळाची रेषा पाहायची आहे" असं लिहायचं.

आणि रेषा ओलांडली म्हणजे पैसे आले, असंही नाही. देशभरात दर वर्षी 82,000 नव्या शिष्यवृत्त्या असतात. त्या राज्यांमध्ये वाटल्या जातात, निम्म्या मुलींसाठी असतात आणि त्यात अनुसूचित जातीचं आरक्षण आहे. निवड त्या त्या यादीतल्या गुणक्रमाने होते. पात्र असणं आणि निवड होणं या दोन गोष्टी घरच्यांना वेगवेगळ्या करून सांगा, म्हणजे बारा हजार गृहीत धरून कुणी उधारी करणार नाही.

तिसरी गोष्ट उत्पन्न. इथे घरचा अंदाज चालत नाही. तहसीलदाराच्या दाखल्यावर जो आकडा छापलाय तोच धरायचा. मुलीकडे दाखल्याचा फोटो आहे, त्यावर वडिलांच्या मजुरीचे 84,000 लिहिलेत. दाखला नीट वाचला तर दोन गोष्टी दिसतात. एक, तो मागच्या वर्षी काढलेला आहे आणि वैधतेची तारीख, 31 मार्च, उलटून गेली आहे. दोन, आईचं मानधन त्यात धरलेलंच नाही. सूचनेत आई-वडिलांचं मिळून उत्पन्न मागितलंय. आईचे वर्षाचे 54,000 धरले, तर बेरीज 1,38,000 होते. मर्यादा साडेचार लाखांची, म्हणजे खरं लिहून काहीही जात नाही. मानधन बँकेत जमा होतं, त्याची नोंद असते. ते लपवल्याने फायदा शून्य आणि पुढे चौकशीचा धोका मात्र राहतो. नवा दाखला काढायला मुलीने गावी जायची गरज नाही. वडील तालुक्याच्या सेतू केंद्रातून अर्ज करू शकतात. पण दाखला हातात यायला दिवस लागतात, म्हणून सगळ्यांत आधी हेच काम सुरू करायचं.

आता एक साधा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा : काय मागितलंय, काय आहे, काय कमी आहे. आपल्या मुलीचा कागद असा भरेल.

बारावीची गुणपत्रिका : फोटो आहे, तोही अर्धवट. डिजिलॉकरमधून पूर्ण प्रत काढायची.

पर्सेंटाइल : मंडळाची रेषा पाहायची.

उत्पन्नाचा दाखला : मुदत संपली, आईचं उत्पन्न नाही. नवा काढायचा.

जातीचा दाखला : आहे, पण त्यावर नुसतं 'नवबौद्ध' लिहिलंय. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात 1990 साली जागा मिळाली. केंद्राच्या कामासाठी दाखल्यावर धर्मांतरापूर्वीच्या अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. तो नसेल तर त्या नमुन्यातला दाखला वेगळा काढायचा. तो जोडला नाही, तर ती आरक्षित यादीत धरलीच जाणार नाही.

रहिवासी दाखला : महाराष्ट्राचा आहे.

बोनाफाइड आणि फीची पावती : विद्यापीठातून घ्यायची.

बँक खातं : आहे, पण आधारशी जोडलेलं नाही. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. बँकेत जाऊन जोडून घ्यायचं.

नाव : गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. क्रम वेगळा असला तरी अक्षरं सारखी आहेत का, वडिलांच्या नावात काना-मात्रा बदललाय का, ते पाहायचं. फरक असेल तर अर्ज भरण्याआधी दुरुस्त करायचा.

कागद भरल्यावर कळतं की मुलगी अपात्र नाही. तिच्याकडे काही कागद कमी आहेत, खातं जोडायचंय आणि एक आकडा पाहायचा आहे.

आता शेवटचा हिशेब. सूचनेत अजून एक अट आहे : ही घेतली तर दुसरी कुठलीही शिष्यवृत्ती घेता येत नाही. आपल्या मुलीचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, म्हणजे अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीलाही ती पात्र आहे, आणि तिथे बारावीच्या टक्क्यांची किंवा पर्सेंटाइलची अट नाही. तिथे बी.ए.ला वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला 6,000 रुपये भत्ता आहे आणि सक्तीची, परत न मिळणारी फी वेगळी मिळते. मग फीची पावती काढायची आणि तेवढीच फी मोजायची. ती 6,000 पेक्षा जास्त असेल, तर मॅट्रिकोत्तर फायद्याची. कमी असेल, तर केंद्राची 12,000 ची. पण केंद्राची पुढच्या वर्षी चालू ठेवायला 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा. आणि केंद्राच्या यादीत निवड होईल याची खात्री नसते, म्हणून तिथे नाव लागेपर्यंत मॅट्रिकोत्तरची तारीख हातची घालवू नका. दोन्हीकडे नाव लागलं, तर एक लेखी सोडायची.

अर्ज पाठवल्यावर पोर्टलवर या तारखा दिसतील : विद्यार्थ्याची, त्रुटी दुरुस्तीची आणि संस्थेच्या पडताळणीची. स्क्रीनशॉटमध्ये यातली पहिलीच येते. अर्ज विद्यापीठाने तपासून पुढे पाठवला नाही, तर तो तिथेच संपतो. म्हणून अर्जाची प्रिंट आणि मूळ कागद घेऊन संबंधित कार्यालयात जायचं आणि दर आठवड्याला पोर्टलवर स्थिती पाहायची. 'त्रुटी' असा शेरा आला, तर अर्ज फेटाळला असं समजू नका. कुठला कागद कमी पडला ते तिथे लिहिलेलं असतं. तो लावून दुसऱ्या तारखेच्या आत अर्ज परत पाठवायचा.

आता ज्यांच्या मोबाइलवर असा एखादा स्क्रीनशॉट पडून आहे, त्यांनी तो उघडा. तीन रकाने इथेच पाडू.