चुकांची वही आणि नेटचे दहा घटक

(हैदराबादेत शिकायला आलेल्या नांदेड, लातूर आणि बीदरकडच्या विद्यार्थ्यांसमोर अभ्यासिकेत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



आज मी फक्त यूजीसी नेटच्या पहिल्या पेपरवर बोलणार आहे. दुसरा पेपर आपापल्या विषयाचा, त्याचं ज्यानं त्यानं पाहावं. पहिला मात्र सगळ्यांना सारखाच. 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण. अभ्यासक्रमात दहा घटक आहेत आणि यूजीसीच्याच टिपेनुसार प्रत्येक घटकावर पाच प्रश्न. प्रत्यक्ष पेपरात एखादा इकडेतिकडे होतो, पण हिशेबाला हे धरून चाला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

हा पेपर 'पास झालो की झालं' असा राहिलेला नाही. मार्च 2024 मध्ये यूजीसीनं नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशाला जोडले. जेआरएफ न मिळालेल्यांच्या प्रवेशात नेटच्या गुणांना 70 टक्के वजन आणि मुलाखतीला 30 टक्के. मुलाखतीच्या खोलीत आपलं काय होतं यावर इथं बसलेल्यांना मी वेगळं सांगायला नको. म्हणून लेखी 70 मधला एकेक प्रश्न हातचा जाऊ नये, एवढ्यासाठी ही फाईल.

फाईलमध्ये तीनच गोष्टी असतात. अभ्यासक्रमाची छापील प्रत, सोडवलेले जुने पेपर आणि चुकांची वही. पहिल्या दोन सगळ्यांकडे असतात. तिसरी बऱ्याच जणांकडे असते, पण ती अभ्यासक्रमाला जोडलेली नसते. कुठे चुकलं एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. का चुकलं ते नसतं.

आपल्या अभ्यासिकेतल्या एका मुलीची वही मी तिला विचारून इथं आणली आहे. तिनं तीन जुने पेपर वेळ लावून सोडवले. 150 प्रश्न, 87 बरोबर, 63 चूक. मग तिनं घटकवार मोजणी केली. गणिती तर्क या पाचव्या घटकात 9 चुका, तार्किक विचार या सहाव्यात 10, आणि सातव्यात, म्हणजे तक्ते-आलेखांच्या माहितीवरच्या प्रश्नांत 9. तिन्ही मिळून 28. ती मला म्हणाली, "ताई, माझं गणितच कच्चं आहे. दहावीपासून तसंच आहे. चार महिन्यांचा गणिताचा क्लास लावते." क्लासची फी घरून मागवायची होती. मी म्हटलं, आठ दिवस थांब, आधी या 63 ची कारणं लिहू.

कारणं लिहायची एक पद्धत आहे, आणि ती क्रमानेच करावी लागते. पेपर तपासून झाला की चुकलेल्या प्रश्नाचं स्पष्टीकरण वाचायचं नाही. बरोबर पर्याय कोणता तेही झाकून ठेवायचं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी तो प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवायचा. आता बरोबर आला, तर तुम्हाला येत होतं, वाचताना चुकलं. पुन्हा चुकला, तर एकतर माहिती नाही किंवा रीत चुकते आहे. स्पष्टीकरण आधी वाचलं की सगळंच 'अरे, हे तर येत होतं' असं वाटायला लागतं आणि खरं कारण कायमचं हरवतं.

कारणांना आम्ही पाच खुणा केल्या आहेत. 'मा' म्हणजे माहितीच नव्हती. 'वा' म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. 'श' म्हणजे विषय माहीत होता, पण पेपरातला शब्द ओळखीचा नव्हता. 'री' म्हणजे रीत चुकली. 'अं' म्हणजे दोन पर्याय उरले आणि अंदाज फसला. एवढ्या पुरतात. कुणीकुणी पंधरा खुणा करतात, मग दर प्रश्नाला कोणती लावायची यातच रात्र जाते. आणि 'सिली मिस्टेक' नावाची खूण कुणीही करायची नाही. त्या नावाखाली काहीही खपतं आणि उपाय काहीच सुचत नाही.

आता तिची 63 ची वाटणी अशी निघाली: 'मा' 21, 'वा' 18, 'री' 9, 'श' 8, 'अं' 7. म्हणजे दर तीन चुकांतली एकच न शिकल्यामुळे होती. आणि ज्या 28 चुकांना ती गणित म्हणत होती, त्यांत 'मा' फक्त 8. 'वा' 10, 'री' 9 आणि एक 'अं'.

सातव्या घटकातल्या नऊपैकी सहा चुका तर एकच चूक सहा वेळा केलेली होती. तक्त्यात एका कॉलेजची विद्यार्थिसंख्या एका वर्षी 400 आणि पुढच्या वर्षी 500. वाढ किती टक्के? 100 भागिले 400, म्हणजे 25. ती 100 भागिले 500 करून 20 काढायची. पर्यायांत 20 असतोच, प्रश्न काढणारा मुद्दाम ठेवतो. त्यामुळे उत्तर सापडल्याचं समाधान मिळतं आणि शंका येत नाही. शंभर कशाला धरायचे, एवढाच गोंधळ. त्यावर आम्ही मराठीतूनच तोडगा काढला. प्रश्न मनात मराठीत म्हणायचा आणि ज्याला 'पेक्षा' लागतो त्याला शंभर धरायचे. 'मागच्या वर्षापेक्षा' म्हटलं की मागचं वर्ष खाली. '500 पेक्षा 400 किती टक्क्यांनी कमी' म्हटलं की 500 खाली, उत्तर 20. याला चार महिने लागत नाहीत. तिला दोन संध्याकाळी लागल्या.

'श' या खुणेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ती आपल्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांच्या वहीतच जास्त निघते. पहिला पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नसतो. आपण बी.एड.ला किंवा एम.ए.ला मराठी पुस्तकात 'सप्रमाणता' शिकलो. पेपरात इंग्रजीत व्हॅलिडिटी आणि हिंदीत वैधता. मोजायचं तेच मोजलं जातंय का, हा अर्थ तिला पक्का ठाऊक होता, तरी प्रश्न गेला, कारण 'वैधता' म्हटल्यावर तिला कायद्यातली वैधता आठवली. अशा चुकीवर तो घटक पुन्हा वाचून काही होत नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने करायचे: मराठी, हिंदी, इंग्रजी. चुकला तेवढाच शब्द त्यात जातो. तयार शब्दसूची उतरवून काढू नका. आणि हिंदी-इंग्रजीत फरक दिसला तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरला जातो, म्हणून इंग्रजी रकाना चुकवू नका.

वही कागदाचीच बरी, पण मोबाईलवर गूगल शीट वापरणारे असाल तर A मध्ये पेपर, B मध्ये घटकाचा क्रमांक, C मध्ये अभ्यासक्रमातली नेमकी ओळ, D मध्ये खूण. मग सातव्या घटकात 'री' किती, हे असं निघतं:

```
=COUNTIFS(B:B,7,D:D,"री")
```

C चा रकाना आळस म्हणून सोडू नका. सहाव्या घटकात भारतीय तर्कशास्त्रही आहे आणि व्हेन आकृत्याही. 'घटक 6' एवढंच लिहिलं तर तुम्ही जे येतं तेच पुन्हा वाचत बसाल. अभ्यासक्रमाच्या छापील प्रतीवर त्या ओळीपुढे पेन्सिलीची एक रेघ ओढा. तीन-चार पेपरांनंतर कोणत्या ओळींपुढे रेघा साचल्या ते नुसत्या नजरेला दिसतं.

एक गोष्ट चुकांच्या वहीत कधीच येत नाही, ती म्हणजे नशिबानं बरोबर आलेली उत्तरं. गुण कापत नसल्यामुळे आपण एकही प्रश्न सोडत नाही, आणि सोडूही नये. पण चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी चारातली एक लागते. म्हणून सोडवतानाच, खात्री नसलेल्या प्रश्नापुढे ठिपका द्यायचा. तपासल्यावर उत्तर बरोबर निघालं तरी ठिपकेवाला प्रश्न वहीत घ्यायचा. या मुलीच्या 87 बरोबरांपैकी 14 वर ठिपका होता, आणि त्यांतले बहुतेक उच्च शिक्षण व्यवस्था या दहाव्या घटकातले. तिथं चुका 7 च दिसत होत्या, म्हणून तिला तो घटक ठीक वाटत होता.

वहीत चढवण्याआधी उत्तरतालिका अंतिम आहे ना, हेही बघा. परीक्षेनंतर आधी तात्पुरती तालिका येते, तिच्यावर हरकती घेतल्या जातात, आणि काही उत्तरं बदलतात. बाजारातल्या पुस्तकांत तात्पुरतीच छापलेली असू शकते. बरोबर उत्तराला चूक समजून त्यावर आठवडा घालवण्यासारखं दुःख नाही.

चूक खोडायची कधी? तोच प्रश्न पुन्हा बरोबर आला म्हणून नाही, तो तर पाठ झालेला असतो. त्याच ओळीवरचा नवा प्रश्न दोन दिवसांनी, मग दहा दिवसांनी, मग महिन्यानं, असा तीनदा आला की खोडायची. मध्ये एकदा चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तीन आठवड्यांनी तिनं चौथा पेपर सोडवला. सातव्या घटकात 'री' एकही नव्हती. 'वा' मात्र आधी पेपरामागे 6 होत्या त्या 5 च झाल्या. मला आश्चर्य वाटलं नाही. टक्केवारीची रीत एकदा समजली की सुटते, वाचण्याची सवय तशी सुटत नाही. तिच्या 'वा' पुन्हा उलगडल्या तर बऱ्याचशा 'खालीलपैकी कोणते योग्य नाही' या धाटणीच्या निघाल्या. नकार सुटायचा आणि पहिलं खरं विधान दिसलं की बोट तिथंच. कागदी पेपरात आपण 'नाही' खाली रेघ मारतो, संगणकाच्या पडद्यावर ती सोय नाही. म्हणून पर्याय वाचण्याआधी कच्च्या कागदावर प्रश्नाचा क्रमांक आणि 'न' लिहायची सवय तिनं लावली. पाचव्या पेपरात 'वा' 2 वर आल्या. क्लास तिनं लावला नाही. 'मा' च्या 21 साठी रोज एक तास वाचन सुरू आहे, आणि ते हळूच चाललंय.

या तक्त्यातून कळत नाही ते म्हणजे कटऑफ. तो विषय आणि प्रवर्गानुसार दर वेळी वेगळा लागतो. दुसऱ्या पेपरालाही ही पद्धत तशीच्या तशी लावू नका. तिथं 100 प्रश्न आपल्या विषयाचे असतात आणि माझ्या पाहण्यात बहुतेक चुका 'मा' च्याच निघतात, म्हणून तिथं अभ्यासक्रमाच्या ओळींपुढच्या रेघाच पुरतात.

ज्यांनी मागच्या वेळी परीक्षा दिली, त्यांच्याकडे सर्वांत चांगला पेपर आधीच आहे, तो म्हणजे स्वतःची रिस्पॉन्स शीट. तुम्ही निवडलेला पर्याय तिच्यात असतो, आणि तो खऱ्या परीक्षेच्या दडपणाखाली निवडलेला असतो. ती संकेतस्थळावर थोडेच दिवस राहते. ज्यांनी उतरवून घेतली आहे त्यांनी पुढच्या रविवारी छापून आणा, अंतिम उत्तरतालिकेसकट. पहिल्या दहा प्रश्नांना खुणा आपण इथंच बसून लावू.