वाचता येतं, बोलणं अडतं : आधी सराव कशाचा?



आपण मराठी माध्यमातली मुलं. इंग्रजी पुस्तक वाचता यायचं, पण बोलताना वाक्य घशातच अडायचं. आता आपली मुलं जर्मनीला निघाली आहेत आणि त्यांचीही तीच अडचण आहे, म्हणून एक उदाहरण सांगते.

माझ्या एका सहकारी मैत्रिणीला तिकडच्या नोकरीसाठी गोएथे इन्स्टिट्यूटची बी-१ परीक्षा द्यायची होती. हातात आठ आठवडे होते. सराव परीक्षेत तिला वाचनात 85 आणि बोलण्यात 40 गुण पडले. या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण वेगवेगळे मोजतात आणि प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात. वाचनातले जास्तीचे गुण बोलण्याला उसने मिळत नाहीत. म्हणून वाचन आठवड्यातून एकदाच करायचं ठरलं.

बोलणं नेमकं कुठे अडतंय, हे आधी पाहिलं. ज्या प्रश्नाला तोंडी उत्तर जमलं नाही, त्याचंच उत्तर तिने लिहून पाहिलं. लिहितानाही अडलं, तर वाक्यरचना कच्ची आहे. लिहिता आलं, तर फक्त वेग कमी आहे. तिला लिहिता येत होतं. अपवाद एकच : ‘कारण’ आणि ‘की’ यांनंतरची वाक्यं. जर्मनमध्ये तिथे क्रियापद शेवटी जातं. मराठीत ते एरवीही शेवटीच असतं, त्यामुळे थोड्या सरावाने ते बसलं.

मग गुणांची वाटणी पाहिली. दोघांनी मिळून बेत आखणं 28, विषय मांडणं 40, त्यावरची प्रश्नोत्तरं 16 आणि उच्चार 16. विषय मांडण्याचा साचा ठरलेला असतो : ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली स्थिती, फायदे-तोटे व मत, आणि समारोप. त्याचा सराव जोडीदाराशिवाय करता येतो, म्हणून तो आधी घेतला. रोज एक धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, पाच शब्द कागदावर लिहायचे आणि तीन मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. ऐकताना जिथे थांबलो तेवढंच दुरुस्त करून लगेच पुन्हा बोलायचं.

पूर्ण भाषण पाठ करायचं नाही, हे पथ्य. एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं कोसळतं आणि नंतरच्या प्रश्नांना पाठांतर उपयोगी पडत नाही.

मात्र एकट्याच्या सरावालाही मर्यादा आहे. बेत आखताना समोरचा काय म्हणेल ते आधी कळत नाही. म्हणून चौथ्या आठवड्यापासून जोडीदार हवाच. तिने क्लासमधली एक मुलगी गाठली आणि आठवड्यातून तीनदा दोघी फोनवर सहलीचे, वाढदिवसाचे बेत जर्मनमध्ये आखू लागल्या. संभाषणात तिला 71 गुण मिळाले.

आपल्या घरी कुणी या तयारीत असेल, तर आज त्याला एकच प्रश्न विचारा : जे बोलता येत नाही, ते लिहिता येतं का?