डफाला सूर का नाही?

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तोही गणिताला चुकवून. पण एका प्रश्नाने मला गणिताच्या दारात नेऊन उभे केले.

लहानपणी आमच्या मोहल्ल्यात तबले दुरुस्त करणारे एक चाचा होते. एकदा त्यांनी तबल्याची जुनी शाई पार खरवडून काढली आणि मला म्हणाले, "बेटा, आता वाजव." मी चाटेवर बोट मारले. तबल्याचा डफ झाला होता! चामडे तेच, ताणही तोच, मग सूर कुठे गेला?

याचे उत्तर तारेपासून सुरू होते. सेकंदाला 200 कंपने करणारी तार घ्या. ती एकाच वेळी अनेक तऱ्हांनी हलते. एका तऱ्हेत पूर्ण तार वरखाली होते. दुसऱ्या तऱ्हेत मधला बिंदू स्थिर राहतो आणि दोन अर्ध्या तारा उलटसुलट हलतात. अर्धी तार म्हणजे निम्म्या लांबीची तारच, म्हणून ती दुप्पट वेगाने हलते : 400. तीन भाग झाले तर 600, चार झाले तर 800. एक, दोन, तीन, चार असा हा सरळ हिशेब आहे. हे सारे उपस्वर एकमेकांत मिसळतात आणि कानाला एकच सूर ऐकू येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा गंधार हा यांतलाच पाचवा.

आता डफाकडे या. चामड्यावर स्थिर बिंदूंऐवजी स्थिर रेषा असतात : काही व्यासासारख्या आरपार, काही वर्तुळाकार. त्यातले एक वर्तुळ पाहू. डफाची त्रिज्या 15 सेंटिमीटर धरा. आतली चकती वर जाते तेव्हा बाहेरचे कडे खाली येते आणि दोहोंच्या मध्ये एक वर्तुळ निश्चल राहते. आतली चकती म्हणजे एक छोटा डफच. हे वर्तुळ बरोबर मध्यावर, साडेसात सेंटिमीटरवर असते, तर छोटा डफ नेमका दुप्पट वेगाने हलला असता. पण मग कडे फक्त साडेसात सेंटिमीटर रुंद उरते, आणि चकती आरपार पंधरा. अरुंद कडे चकतीपेक्षा जलद हलू पाहते. दोघांनी एकाच वेगाने हलायचे, तर कड्याला रुंद व्हावे लागते. वर्तुळ आत सरकते आणि सुमारे साडेसहा सेंटिमीटरवर थांबते. छोटा डफ आणखी छोटा झाला, म्हणून वेग दुपटीऐवजी 2.30 पट होतो.

व्यासाच्या रेषेने चामडे दुभंगते तेव्हाही असेच घडते. अर्धवर्तुळ म्हणजे काही छोटा डफ नव्हे, त्यामुळे तिथला आकडा 1.59 येतो. दोन व्यास असतील तर 2.14. म्हणजे मूळ कंपने 200 धरली, तर पुढची सुमारे 319, 427 आणि 459. हे आकडे आदर्श चामड्याचे. खऱ्या डफात हवेच्या भाराने ते थोडे बदलतात, पण सरळ हिशेबात बसत नाहीत. म्हणून डफाला ठेका आहे, तारेसारखा स्वच्छ सूर नाही.

मग शाई काय करते? मूळ तऱ्हेत मध्यभाग सर्वांत जास्त हलतो. तिथे वजन चढवले की ती तऱ्हा फार मंदावते. व्यासाच्या तऱ्हेत मात्र मध्यबिंदू स्थिरच असतो, म्हणून ती त्या मानाने कमी मंदावते. दोहोंतले अंतर वाढते आणि 1.59 चे गुणोत्तर दोनवर येते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडले. पुढे 1934 च्या निबंधात रामन यांनी चामड्यावर बारीक वाळू पसरून स्थिर रेषा दाखवल्या. चामड्याच्या नऊ तऱ्हा मिळून पाचच स्वर देतात, आणि ते जवळजवळ एक ते पाच या हिशेबात असतात. त्यापुढे मात्र हा मेळ टिकत नाही.

वादक 'ना' वाजवतो तेव्हा अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकवतो आणि तर्जनीने चाटेवर आघात करतो. टेकलेले बोट मूळ तऱ्हेला दाबते. ज्या तऱ्हांची स्थिर रेषा बोटाखालून जाते, त्याच मोकळ्या वाजतात. शाईचा टवका उडाला की वजन एका बाजूला झुकते. मग 'ना' एका जागी एक बोलतो, तबला थोडा फिरवला की दुसरेच. अशा वेळी गठ्ठे कितीही ठोकले तरी उपयोग नाही.

चाचांनी त्या पुडीवर लोहचूर्ण आणि खळ यांचा पातळ थर दिला, दगडाने घोटला, वाळू दिला, पुन्हा थर दिला. शेवटच्या थरांना ते दर वेळी चाट वाजवून ऐकत. एकदा ते थांबले, हसले आणि दगड खाली ठेवला. गणित त्यांना ठाऊक नव्हते. एकाला दोन जुळल्याचे त्यांच्या कानाला मात्र कळले होते.