आधी कोणती ओळ काढायची? एका गच्च भरलेल्या कॅरोसेलवरचा अभिप्राय

आज एकच ड्राफ्ट घेऊन बसणार आहोत. एका श्रोत्या ताईंनी लहान मुलांच्या दवाखान्याच्या पेजसाठी कॅरोसेल बनवलाय. विषय आहे मुलांचे जुलाब आणि ओआरएस. स्लाइड आठ. त्यांचा प्रश्न असा, "गच्च वाटतंय, फाँट लहान करू का?"

ताई, फाँटला आत्ता हात लावू नका. फाँट लहान केला की गर्दी तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते. आधी ओळी काढू.

आणि ओळी काढताना "ही ओळ चांगली आहे का" असं विचारायचं नाही, कारण चांगल्या तर सगळ्याच असतात. विचारायचं हे, की ही ओळ काढली तर वाचणारा काही चुकीचं करेल का? आपला वाचणारा कोण? रात्री अकरा वाजता कडेवर बाळ, एका हातात मोबाईल, ओट्यावर ओआरएसचं पाकीट. त्याच्या जागी उभं राहून वाचायचं.

चौथी स्लाइड घेऊ, ओआरएस कसं बनवायचं ती. तिच्यावर आठ ओळी आहेत. पहिली, "ओआरएस हा जुलाबावरचा सोपा आणि प्रभावी उपाय आहे." दुसरी, "प्रत्येक घरात ओआरएस असायलाच हवं." तिसरी, "बाळाच्या आरोग्याची काळजी घ्या." मग हात धुवा, पाणी उकळून गार करा, पाकीट पाण्यात मिसळा, नीट ढवळा. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, "पाण्याचे प्रमाण पाकिटावर पाहावे."

पहिल्या झटक्यात जातात पुनरुक्तीच्या ओळी. पहिली ओळ शीर्षकच पुन्हा सांगते. दुसरी ओळ ज्याच्या हातात पाकीट आहेच त्याला पाकीट घ्या म्हणते. दोन्ही गेल्या. तिसरी ओळ कोणालाच काही करायला सांगत नाही, तीही गेली. या ओळी आधी का? कारण त्या काढताना काहीच गमवावं लागत नाही, आणि जागा मोकळी झाली की उरलेलं स्पष्ट दिसतं.

आता दिसतं काय, तर सगळ्यात महत्त्वाची ओळ तळाशी दडलीय! आपल्याकडे ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं आणि छोटं २०० मिलीसाठी. मोठं पाकीट कोणी एका ग्लासात मिसळलं, तर द्रावण फार खारट होतं आणि लहान बाळाला त्याने अपाय होऊ शकतो. म्हणजे घाईत आपण सर्वांत आधी हीच बारीक ओळ उडवली असती, आणि तीच काढायची नव्हती. नवी स्लाइड अशी होईल:

"मोठं पाकीट: पूर्ण, १ लिटर पाण्यात.
छोटं पाकीट: पूर्ण, २०० मिली पाण्यात.
हात धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळा.
२४ तासांनी उरलेलं फेकून द्या."

आठाच्या चार ओळी झाल्या, आणि त्यातली शेवटची तर ड्राफ्टमध्ये नव्हतीच. काटछाट केली म्हणून हवी ती ओळ घालायला जागा मिळाली.

दुसऱ्या झटक्यात जातं दवाखान्याबद्दलचं. प्रत्येक स्लाइडवर लोगो, डॉक्टरांच्या पदव्या, फोन नंबर आहे. शेवटची अख्खी स्लाइड "आमच्याविषयी" आहे. नंबर एकदाच ठेवा, धोक्याच्या लक्षणांच्या स्लाइडवर. डोळे खोल गेलेत, बाळ पीत नाही, सुस्त पडलंय, शौचात रक्त आहे, हे वाचल्यावरच नंबर लागतो.

तिसऱ्या झटक्याला मन धजत नाही. तिसऱ्या स्लाइडवर डॉ. दिलीप महालनबीस यांची गोष्ट आहे, १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत त्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना ओआरएस दिलं ती. गोष्ट सुंदर आहे, पण कडेवर बाळ घेतलेल्या माणसासाठी ती नाही. ती कॅप्शनमध्ये हलवा, किंवा तिची वेगळी पोस्ट करा. जुलाबाची व्याख्याही कॅप्शनमध्ये.

"बाळाचं दूध आणि जेवण चालू ठेवा" ही सहावी स्लाइड मात्र ठेवा. साधी वाटते, पण आपल्याकडे जुलाब लागले की पोट रिकामं ठेवणारी घरं आहेत. ही ओळ काढली तर चूक होईल.

मग उरल्या पाच स्लाइड: शीर्षक, कसं बनवायचं, किती पाजायचं, खाणं चालू ठेवा, डॉक्टरांकडे कधी जायचं. आता फाँट लहान नाही, मोठा करा. आणि पोस्ट करण्याआधी प्रमाणाची स्लाइड डॉक्टरांना परत दाखवा, कारण ओळी कापताना आकड्याशेजारचा एखादा शब्दही कधी कधी कापला जातो.

तुमचाही ड्राफ्ट अडकला असेल तर पाठवा. भेटू पुढच्या भागात.