फोटोवरून कुत्र्याची जात

शिळफाट्याच्या नाक्यावरल्या काळ्या कुत्रीचा फोटो गटात फिरला. कान पडलेले, म्हणून ती लॅब्रेडॉरची ठरली, आणि आता तिच्या पिल्लांचे कुणी पैसे मागतंय.

आम्ही फोटो नीट पाहिला. शेपटी पाठीवर वळलेली, अंग सडपातळ. ही तर गावठीची ठेवण. काळा रंग नि पडके कान गावठीतही निघतात.

उलटही होतं. पॉमेरियन नि गावठीचं पिल्लू बहुधा आखूड केसांचंच होतं, कारण लांब केसांचा गुण आई-बाप दोघांकडून यावा लागतो. मग बाप पॉमेरियन असला तरी फोटोत कसा दिसणार? शिवाय एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

म्हणून आम्ही ‘बहुतेक गावठी’ एवढंच म्हणतो. पैसे मागणाऱ्याला विचारा, बाप कुणी पाहिलाय का?