दोन कुलपांचा क्रम

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या हिशेबाची संगणकावरील व्यवस्था सांभाळण्याचे काम आमच्याकडे होते. जवळजवळ वर्षभर ती बिनतक्रार चालली. मग एका महिन्याच्या सात तारखेला, म्हणजे पगाराच्या दिवशी, भर दुपारी ती थांबली. ती कोसळली असे मी म्हणत नाही. कारण कोसळलेला प्रोग्राम आपल्यामागे काहीतरी खूण ठेवून जातो. हा प्रोग्राम जिवंत होता. त्याने कोणतीही चूक जाहीर केली नव्हती, आणि प्रोसेसर तर अगदी स्वस्थ बसला होता. परंतु कारकून कळ दाबून वाट पाहत होते आणि त्यांच्यासमोर खातेदारांची रांग वाढत होती. आम्ही प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. काम पूर्ववत् चालू लागले, आणि पुढील महिन्यात पगाराच्याच दिवशी ते पुन्हा तसेच थांबले.

या दोषाला संगणकशास्त्रात डेडलॉक म्हणतात. तो कसा उत्पन्न होतो आणि एका साध्या नियमाने तो समूळ कसा टाळता येतो, हे आज सांगावयाचे आहे.

अशा व्यवस्थेत एकाच वेळी अनेक कार्ये चाललेली असतात. आमच्या प्रोग्राममध्ये ती आठ होती. समजा, एका खात्यात ५,००० रुपये आहेत. एका कार्याला त्यात १,००० रुपये भरावयाचे आहेत आणि दुसऱ्याला त्यातून ५०० रुपये काढावयाचे आहेत. दोघांनीही एकाच क्षणी शिल्लक वाचली, तर दोघांनाही ५,००० हाच आकडा दिसेल. पहिले ६,००० लिहील, त्यावर दुसरे ४,५०० लिहील, आणि भरलेले हजार रुपये कोणाच्याही नकळत नाहीसे होतील. हे टाळण्यासाठी प्रत्येक खात्याला एक कुलूप दिलेले असते. त्याला म्यूटेक्स असे नाव आहे. ज्या कार्याने ते लावले त्यालाच खात्याला हात लावता येतो. त्याचे काम संपेपर्यंत इतरांनी थांबावयाचे. थांबणारे कार्य झोपी जाते आणि कुलूप मोकळे झाले की त्याला जागे केले जाते. आमचा प्रोसेसर स्वस्थ का बसला होता, याचे उत्तर या झोपेतच होते.

एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळती करावयाची असेल, तर मात्र दोन कुलपे एकदम हाती असावी लागतात. एक सोडून मग दुसरे घेतले, तर मधल्या क्षणी ती रक्कम कोणत्याच खात्यात नसेल, आणि त्याच क्षणी कोणी बेरीज मागितली तर ती चुकेल. म्हणून आम्ही दोन्ही कुलपे घेत होतो, आणि त्यासाठी एक नियमही ठरविलेला होता: आधी देणाऱ्या खात्याचे कुलूप, मग घेणाऱ्या खात्याचे. हा नियम सर्वांनी इमानाने पाळला होता. दोष नेमका त्या नियमातच होता.

आता प्रत्यक्ष काय घडले ते पाहू. खाते क्रमांक १०१ एका किराणा दुकानदाराचे, आणि २०५ त्याला माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्याचे. दुकानदाराला व्यापाऱ्याच्या खात्यात २,००० रुपये वळते करावयाचे आहेत. त्याच सुमारास व्यापाऱ्याला परत आलेल्या मालाचे ३०० रुपये दुकानदाराच्या खात्यात घालावयाचे आहेत. पहिले कार्य नियमाप्रमाणे १०१ चे कुलूप घेते. ते २०५ कडे वळणार, इतक्यात प्रोसेसर त्याला बाजूस सारून दुसऱ्या कार्याला पाळी देतो. हे दुसरे कार्यही नियमाप्रमाणेच चालते. त्याच्या दृष्टीने देणारे खाते २०५ आहे, म्हणून ते २०५ चे कुलूप घेते आणि मग १०१ चे मागते. ते पहिल्याच्या हाती आहे, म्हणून दुसरे झोपी जाते. पहिल्याची पाळी परत येते. ते २०५ चे कुलूप मागते, ते दुसऱ्याच्या हाती आहे, म्हणून पहिलेही झोपी जाते. आता एकाला जागे करणे दुसऱ्याच्या हाती, आणि दुसरे तर स्वतःच झोपलेले. ही झोप कधीही मोडणार नाही.

दोन खातेदारांची ही कोंडी सगळ्या संस्थेला का नडावी? कारण आठांपैकी दोन कार्ये अडकली, तरी लोक १०१ आणि २०५ या खात्यांसंबंधीच्या मागण्या करीतच राहतात. दुकानदार पैसे पोचले नाहीत म्हणून शिल्लक विचारतो. त्याच्यासाठी तिसरे कार्य १०१ च्या दाराशी जाऊन झोपते. व्यापारीही विचारतो, चौथे कार्य २०५ पाशी झोपते. असे करता करता आठही कार्ये गुंतून पडतात, आणि ज्यांचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही अशांचेही काम थांबते.

आणि वर्षभर हे का दिसले नाही? पहिले कुलूप घेणे आणि दुसरे मागणे यांमधील अवकाश अतिशय अल्प असतो. त्याच अवकाशात, त्याच दोन खात्यांवर, उलट दिशेचा व्यवहार यावा लागतो. एकटा मनुष्य बसून चाचणी करीत असेल, तर हे कधीही घडणार नाही. पगाराच्या दिवशी व्यवहार दाटीने होतात, तेव्हाच तो योग जुळतो.

डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली या अवस्थेला प्राणघातक मिठी असे नाव दिले होते. आपल्या मराठीतील मगरमिठी हा शब्द त्याला बरोबर शोभतो; फरक इतकाच की येथे दोघेही मगर आहेत आणि दोघेही सावज आहेत. पुढे १९७१ साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी दाखवून दिले की, अशी कोंडी होण्यास चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. वस्तू एका वेळी एकाच्याच ताब्यात असावी. एक हाती धरून दुसरीची वाट पाहिली जावी. धरलेली वस्तू कोणी बळाने काढून घेऊ नये. आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पुरे व्हावे. यांपैकी पहिली गोष्ट सोडली तर हिशेब चुकतो. दुसरी सोडली तर रक्कम मध्येच अधांतरी राहते. तिसरी सोडावयाची म्हणजे अर्धवट झालेले काम उलटविण्याची सोय हवी. चौथी, म्हणजे वर्तुळ, मात्र सहज मोडता येते.

ते मोडण्याचा उपाय असा: कुलपांना एक कायमचा क्रम द्यावा, आणि प्रत्येक कार्याने त्याच क्रमाने ती घ्यावी. आमच्याकडे खाते क्रमांक तयारच होते. तेव्हा नियम झाला की, रक्कम कोणीही कोणालाही देवो, लहान क्रमांकाचे कुलूप आधी आणि मोठ्या क्रमांकाचे नंतर. आता तोच प्रसंग पुन्हा पाहा. पहिले कार्य १०१ घेते आणि बाजूस सारले जाते. दुसऱ्याला २०५ मधून १०१ मध्ये रक्कम द्यावयाची असली, तरी नियमाप्रमाणे त्याने १०१ च प्रथम मागितले पाहिजे. ते मिळत नाही, म्हणून ते झोपते. पण झोपताना त्याच्या हाती काहीच नसते. पहिले कार्य परत येते, २०५ मोकळेच असते, ते घेऊन व्यवहार पुरा करते आणि दोन्ही सोडते. मग दुसरे जागे होऊन आपले काम करते.

आमच्या जुन्या नियमातही क्रम होताच, असे कोणी म्हणेल. पण तो क्रम व्यवहाराचा होता, कुलपांचा नव्हता. देणारा आणि घेणारा ही नाती व्यवहारागणिक बदलतात. १०१ आणि २०५ हे आकडे बदलत नाहीत. रक्कम आधी कोठून वजा करावयाची हा वहीचा प्रश्न, आणि कुलूप आधी कोणते घ्यावयाचे हा वेगळा प्रश्न. आम्ही दोहोंची गल्लत केली होती.

हा उपाय केवळ दोनच कुलपांना लागू पडतो असे नाही. कितीही कार्ये असोत, प्रत्येक कार्य आपल्या हातातील कुलपांपेक्षा मोठ्या क्रमांकाच्या कुलपाचीच वाट पाहते. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे वाट पाहण्याच्या साखळीने जाऊ लागलो, तर क्रमांक चढतच जातो. चढत चढत आपण आरंभीच्या जागी परत येऊ शकत नाही, म्हणून वर्तुळ होणेच अशक्य.

तथापि काही ठिकाणी सावध राहावे लागते. देणारे आणि घेणारे खाते चुकून एकच असेल, तर सामान्य म्यूटेक्स दुसऱ्यांदा मागणारे कार्य स्वतःच्याच दाराशी कायमचे झोपते. म्हणून ही तपासणी आधी करावी. दुसरे खाते कोणते हे पहिले वाचल्यावरच कळणार असेल आणि त्याचा क्रमांक लहान निघाला, तर हातातील कुलूप सोडून दोन्ही क्रमाने पुन्हा घ्यावीत, आणि मधल्या काळात काही बदलले नाही ना हे पुन्हा वाचून पाहावे. सर्वांत फसवी असतात ती दडलेली कुलपे. कुलूप हाती असताना आपण नोंद लिहिणारे एखादे उपकार्य बोलावतो, आणि ते स्वतःचे एक कुलूप घेते. त्यालाही क्रमात स्थान दिलेच पाहिजे.

कोंडी झालीच, तर प्रोग्राम पुन्हा सुरू करण्याची घाई करू नये; त्याने पुरावाच नाहीसा होतो. लिनक्सवर gdb जोडून `thread apply all bt` ही आज्ञा दिली की, प्रत्येक कार्य कोठे थांबले आहे ते दिसते. पुष्कळशी कार्ये कुलपाच्याच प्रतीक्षेत आढळली, तर त्या कुलपाच्या `__owner` या रकान्यात धारकाचा क्रमांक वाचावा. दोन धारक परस्परांची वाट पाहत असलेले सापडले की निदान पुरे झाले. दुसऱ्या वेळी आम्ही हे केले, आणि तेव्हाच आमच्या नियमाची चूक उघडकीस आली. २००६ साली लिनक्सच्या गाभ्यात लॉकडेप नावाची तपासणी आली, ती याच्याही पुढे जाते. कोणते कुलूप हाती असताना कोणते घेतले, याची ती नोंद ठेवते आणि उलट क्रम एकदा जरी दिसला, तरी प्रत्यक्ष कोंडी होण्यापूर्वीच इशारा देते.

नियम बदलल्यानंतरचा पगाराचा दिवस सुरळीत पार पडला. परंतु सदोष प्रोग्रामही वर्षभर सुरळीत चाललाच होता, हे आम्ही विसरलो नव्हतो. म्हणून दोन कुलपे घेणारी प्रत्येक जागा आम्ही हाताने तपासली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रमांक चढताच आहे अशी खात्री झाल्यावरच ती तक्रार निकालात काढली.