सजीव लस कोणास देऊ नये, आणि घरच्यांनी काय करावे



२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. ९ महिन्यांपासून १५ वर्षांखालील सर्व बालकांना, पूर्वी लस घेतली असली तरीही, आणखी एक मात्रा द्यावयाची होती. शाळाशाळांतून याद्या झाल्या आणि एकही मूल सुटता कामा नये हे आपल्या अंगवळणी पडले. आज मी ज्या मुलाविषयी बोलणार आहे, ते मात्र अशा वेळी जाणूनबुजून वगळावे लागते.

समजा, आपल्या तिसरीतील एका मुलाला रक्ताचा कर्करोग झाला आहे. उपचारासाठी आईवडील त्याला घेऊन पुण्यास आले आणि कसबा पेठेतील एका जुन्या वाड्यात, मामाच्या बिऱ्हाडी, दोन खोल्यांत राहिले. घरात त्याची पाच वर्षांची बहीण, दोन महिन्यांचा मामेभाऊ आणि आजी आहेत. शौचकूप वाड्यातील चार बिऱ्हाडांत एक.

गोवराच्या लसीत गोवराचाच विषाणू असतो. जिवंत, पण दुबळा केलेला. निरोगी मुलाच्या अंगात तो थोडा वाढतो, आठदहा दिवसांनी कधी किंचित ताप येतो, शरीर त्यास ओळखून आवरते आणि ती ओळख पुढे टिकते. या मुलाला मात्र कर्करोगाच्या औषधांनी पांढऱ्या पेशी खच्ची झालेल्या आहेत. विषाणूस आवरणारेच कोणी नाही. तो वाढत जाऊन फुप्फुसांत उतरू शकतो. गोवराचे पुरळही पांढऱ्या पेशींच्याच झगड्यातून उठते. तेव्हा पुरळ आले नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. बीसीजी, तोंडावाटे द्यावयाचे पोलिओचे थेंब आणि कांजिण्यांची लस याही सजीवच. धनुर्वात, घटसर्प, कावीळ-ब यांच्या लसींत जिवंत जंतू नसतात. त्या धोक्याच्या नाहीत, फक्त अशा शरीरात त्यांचा गुण कमी येतो. मूत्रपिंडाच्या वा सांध्यांच्या विकारासाठी स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा दोन आठवडे किंवा अधिक काळ घेणाऱ्या मुलासही हाच नियम लागू आहे. औषध थांबल्यावर निदान एक महिना जाऊ द्यावा लागतो.

आता त्या मुलाचे रक्षण कोण करणार? घरची माणसे. येथेच लोकांची समजूत उलटी होते. “भावाला लस चालत नाही, तर बहिणीलाही नको, तिच्याकडून त्याला लागेल,” असे आई म्हणते. गोवर-रुबेलाच्या लसीतील विषाणू टोचलेल्या मुलाकडून दुसऱ्यास लागत नाही. खरा गोवर मात्र अंगावर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून हवेतून पसरतो, म्हणजे बहीण आजारी आहे हे कळण्यापूर्वीच भावाला लागण झालेली असते. म्हणून बहिणीच्या दोन्ही मात्रा पुऱ्या झाल्याच पाहिजेत. कांजिण्यांची लसही तिला द्यावी. लशीनंतर तिच्या अंगावर पुरळ उठलेच, तर ते जाईपर्यंत तिला भावापासून दूर निजवावे.

पोलिओच्या थेंबांची गोष्ट निराळी आहे, आणि वाड्यातील ते सामाईक शौचकूप मी उगाच सांगितले नाही. थेंबांतील विषाणू आतड्यात वाढतो व काही आठवडे शौचावाटे बाहेर पडतो. मामेभावाची दुपटी धुणाऱ्या हातांनी घास भरवला, तर तो या मुलापर्यंत पोहोचतो. दुर्बळ शरीरात, विशेषतः प्रतिपिंडे बनवण्याची शक्ती जन्मतःच नसेल तर, तो दीर्घकाळ राहून पुन्हा पांगळेपणा आणणारा बनू शकतो. याकरिता त्या घरातील बालकांना थेंबांऐवजी पोलिओची टोचून द्यावयाची लस द्यावी. तिच्यात विषाणू निर्जीव असतो. पोलिओ-रविवारी दारी येणाऱ्या सेविकेस घरच्यांनी हे आधीच सांगावे. थेंब दिले गेलेच, तर सुमारे सहा आठवडे बाळाचे शौच काढल्यावर दर खेपेस साबणाने हात धुवावेत, आणि भावाचे जेवणखाण शक्यतो दुसऱ्या हातांनी व्हावे. आजी व इतर मोठ्यांनी दरवर्षी इन्फ्लुएन्झाची टोचून घ्यावयाची लस घेतली, तर मुलाभोवतीचे कुंपण आणखी भरते.

काही महिन्यांनी डॉक्टर मुलाला शाळेत जाण्यास परवानगी देतात. औषधे मात्र चालूच असतात. पालकांकडून डॉक्टरांची चिठ्ठी मागून हजेरीपटाजवळ ठेवावी. वर्गात त्याचा बोभाटा करू नये. वर्गात कोणास गोवर वा कांजिण्या निघाल्याचे कळताच त्याच दिवशी त्या मुलाच्या घरी निरोप धाडावा; शनिवार-रविवार जाऊ देऊ नये. गोवराच्या संसर्गानंतर सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचे औषध दिले, तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. कांजिण्यांसाठीही असे औषध आहे आणि तेही जितके लवकर तितके बरे. ते कोणते व किती, हे डॉक्टर ठरवतील. पण दिवसांची मोजणी वर्गातील त्या दिवसापासून सुरू होते आणि तो दिवस गुरुजींनाच ठाऊक असतो.

उपचार संपल्यावर तीन ते सहा महिन्यांनी, रक्त तपासून, डॉक्टर सजीव लशी देण्यास परवानगी देतात. जुन्या लसीकरण-पत्रिकेवर सर्व खुणा असल्या तरी औषधांनी ती पूर्वीची ओळख पुसली गेलेली असू शकते. तेव्हा काही मात्रा पुन्हा द्याव्या लागल्या, तर पालकांनी ती चूक समजू नये.